संगणकाने तपासले आहे, पण कोणत्या भाषेत?

स्मरणिका असो, कथासंग्रह असो वा एखाद्या सत्काराचे मानपत्र असो, मजकूर छापखान्याकडे जाण्यापूर्वी तो कोणी वाचला, असा प्रश्न केला की हल्ली एकच उत्तर मिळते : "संगणकाने तपासला आहे." या उत्तरानंतर पुढे बोलायचे नसते, असा एक अलिखित संकेत आता रूढ झाला आहे. मुद्रितशोधकाला द्यावयाचे चार पैसे वाचतात, आठ दिवसही वाचतात, आणि चूक राहिलीच तर तिचे पितृत्व यंत्राकडे जाते. प्रस्तुत लेखकाचा या उत्तराला आक्षेप आहे; मात्र तो यंत्राविरुद्ध नाही. यंत्राने आपले काम चोख बजावलेले असते. ते मराठीत बजावले की दुसऱ्याच भाषेत, एवढेच विचारायचे राहून गेलेले असते.

दुर्गदबैलच्या बाजारात अक्षरजुळणीच्या एखाद्या दुकानात जाऊन पाहावे. तेथील संगणकावर साधारणतः तीन भाषांची सोय करून ठेवलेली आढळते : इंग्रजी, कन्नड आणि हिंदी. गिऱ्हाईकही बहुतांशी त्याच तीन भाषांचे. आपण मराठी मजकूर नेला की जुळणी करणारा मुलगा कळफलक "देवनागरी"वर नेतो, म्हणजे प्रत्यक्षात हिंदीवर. इन्स्क्रिप्ट पद्धतीत हिंदी आणि मराठी कळफलकांवरील अक्षरांच्या जागा जवळपास एकच असल्यामुळे त्याचे काही अडत नाही; आणि पडद्यावर उमटणारे अक्षरही तेच असल्यामुळे आपल्यालाही काही जाणवत नाही. परंतु वर्डसारख्या लेखनप्रणालीत प्रत्येक शब्दाला भाषेची एक अदृश्य चिठ्ठी चिकटलेली असते, आणि ती चिठ्ठी बहुधा कळफलकावरून ठरते. मराठीची खूण mr-IN, हिंदीची hi-IN. तपासणी करणारी प्रणाली शब्द वाचण्यापूर्वी ही चिठ्ठी वाचते आणि तिच्यावर जी भाषा असेल तिचीच शब्दसूची उघडते. लिपीवरून भाषा ओळखण्याची तिची रीत नव्हे. देवनागरी म्हणजे हिंदी हे समीकरण आपण माणसांनी मांडले आहे. यंत्र ते निमूटपणे पाळते, इतकेच.

याचा परिणाम काय होतो, तो एका वाक्यावर पडताळून पाहू. उदाहरणासाठी मुद्दाम घडवलेले हे वाक्य घ्या : "धारवाडच्या शाळेतील मुले म्हणाली कि बेंद्रे हे मोठे कवि आणि गुरु होते." शब्द बारा. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांप्रमाणे यात तीन चुका आहेत. "की" हे अव्यय दीर्घ हवे, आणि तत्सम शब्दातील अंत्य इकार-उकार दीर्घ लिहावयाचे असल्याने "कवी" आणि "गुरू" हवे. आता हे वाक्य हिंदीची चिठ्ठी लावून तपासायला द्या. धारवाडच्या, शाळेतील, मुले, म्हणाली, बेंद्रे, मोठे, आणि, या सात निर्दोष शब्दांखाली लाल रेघ येईल, कारण हिंदीच्या सूचीत ते असण्याचे कारण नाही. "हे" आणि "होते" सुटतील, कारण हिंदीतही त्या रूपाचे शब्द आहेत. आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप करावयाचा, ते "कि", "कवि" व "गुरु" हे तिन्ही शब्द डौलाने सुटतील. कारण हिंदीत ते तसेच लिहितात, आणि हिंदीपुरते ते शुद्धच आहेत.

येथपर्यंतची गोष्ट हसण्यावारी नेता येईल. पुढची नेता येणार नाही. कोणी जाणता लेखक हेच वाक्य हाताने शुद्ध करतो. "की", "कवी", "गुरू" असे लिहितो. "की" सुटतो, पण तो मराठी अव्यय म्हणून नव्हे, हिंदीतील षष्ठीचा प्रत्यय म्हणून. "कवी" आणि "गुरू" यांच्याखाली मात्र नव्याने रेघ येते आणि त्यांच्यासाठी सुचवणी येते "कवि" आणि "गुरु" अशी. म्हणजे अशुद्ध वाक्यात सात रेघा होत्या, शुद्ध केल्यावर नऊ झाल्या. ज्या तपासणीत लेखन सुधारले की दोष वाढलेले दिसतात, ती तपासणी नुसती निरुपयोगी नाही. ती लेखकाला उलट्या दिशेने ढकलणारी आहे. गेल्या काही वर्षांत मराठी निमंत्रणपत्रिकांतून आणि पुस्तकांतूनही "शक्ति", "नीति", "वस्तु" ही रूपे पुन्हा दिसू लागली आहेत. त्यांतील काही तरी या सुचवण्यांवर निमूटपणे टिचकी मारण्यातून आली असावीत, असा माझा तर्क आहे.

यावर एक जाणकार हरकत घेतली जाते. १९६२ पूर्वी मराठीतही "कवि" आणि "बुद्धि" असेच लिहीत, मग बिघडले कुठे? हरकत खोटी नाही. जुन्या वळणाचे लेखन जाणीवपूर्वक आणि आरंभापासून अखेरपर्यंत सारखे केले, तर त्याचा मान राखला पाहिजे. परंतु एका पानावर "कवी", दुसऱ्यावर "कवि", आणि तेही दुकानातील कळफलक कोणत्या भाषेवर होता त्यानुसार, याला परंपरा म्हणता येत नाही. शिवाय नियम इतका सोपाही नाही. सुटा शब्द "भक्ती", पण समासात पूर्वपद म्हणून आला की "भक्तिमार्ग". सुटा "बुद्धी", पण "बुद्धिवैभव". मराठी लेखकाच्या हातून "भक्तीमार्ग" फार सहज लिहिले जाते. गंमत अशी की ही एक चूक हिंदीची सूची कदाचित पकडेल. पण तोपर्यंत पानभर लाल रेघा पाहून डोळे इतके निर्ढावलेले असतात, की त्या गर्दीतील ही एकच खरी रेघ कोणाच्या लक्षात येत नाही.

लाल झालेले पान कोणालाच आवडत नाही. मग जुळणी करणारा सगळा मजकूर निवडतो आणि भाषेच्या खिडकीतील "Do not check spelling or grammar" या चौकटीत खूण करतो. रेघा नाहीशा होतात. पान स्वच्छ दिसते, आणि लेखक समाधानाने घरी जातो. ही खूणही त्या चिठ्ठीसारखीच अक्षरांना चिकटून राहते. मजकूर मूळ स्वरूपणासह दुसरीकडे डकवला तर तिथेही जाते. दहा लेखकांच्या दहा संगणकांवरून आलेल्या स्मरणिकेत काही पाने मराठी, काही हिंदी, काही इंग्रजीची चिठ्ठी लावलेली आणि काही मुळीच न तपासली जाणारी असतात, आणि संपादकाला सगळी सारखीच दिसतात. नेमलेल्या भाषेची तपासणी-साधने त्या संगणकावर बसवलेलीच नसली, तरीही पान असेच कोरे राहते. रेघ नसणे म्हणजे चूक नसणे नव्हे, हे यासाठीच सांगावे लागते.

हे ओळखावे कसे? मजकुराच्या मधोमध तीन शब्द टंकून पाहावेत : "शाळा", "नहीं" आणि "खठझफ". "शाळा"खाली रेघ आली आणि "नहीं" सुटला, तर चिठ्ठी हिंदीची आहे. "शाळा" सुटला आणि "नहीं"खाली रेघ आली, तर मराठीची. "खठझफ"सुद्धा सुटला, तर तपासणी चालूच नाही. यात "शाळा" मुद्दाम घेतला आहे, कारण प्रमाण हिंदीच्या नित्य लेखनात ळ नाही. बाळ, फळ, काळ, केळे, इतकेच काय, आपले हुबळीदेखील तेथे दोषी ठरते. जुळणी करणाऱ्या आपल्या मुलाला कन्नडमुळे ळ उत्तम ठाऊक असतो, त्याचा उच्चारही आपल्याहून खणखणीत असतो. पण त्याच्यासमोरील सूचीला तो ठाऊक नाही, आणि तो बिचारा सूचीवर विश्वास ठेवतो.

दुरुस्ती अवघड नाही. संपूर्ण मजकूर Ctrl+A ने निवडावा आणि "Review" या विभागातील "Set Proofing Language" मधून मराठी नेमावी. त्याच खिडकीतील न तपासण्याची खूण काढावी. लिब्रे-ऑफिस वापरणाऱ्यांनी भाषांच्या मांडणीत "Complex text layout" या ओळीत मराठी निवडावी, कारण तेथे देवनागरी त्या गटात मोडते. पुष्कळ जण यादीतील आज्ञांची भाषा मराठी करतात आणि तपासणीही मराठी झाली असे समजतात. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. तसेच पुढील लेखनासाठी भाषा बदलल्याने आधीच लिहिलेल्या पानांच्या चिठ्ठ्या बदलत नाहीत, म्हणून मजकूर निवडण्याची पायरी गाळू नये. विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीच्या गद्याचे किंवा केशवसुतपूर्व पद्याचे उतारे मूळाप्रमाणे छापावेत असे महामंडळाचा नियमच सांगतो. अशा उताऱ्यापुरती तपासणी बंद ठेवणे योग्य. ती खूण त्याच कामासाठी आहे.

मराठी सूची लावल्यावर तरी सारे दोष सापडतील का? नाही, आणि ते सापडतील असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. "यंदा पिक चांगले आले" या वाक्यात पिक म्हणजे कोकिळ आला आहे, शेतातले पीक नव्हे. पण शब्द म्हणून पिक अस्सल असल्याने परिपूर्ण सूचीही त्याला सोडील. (हिंदीत पीक म्हणजे पान खाऊन टाकलेली पिचकारी. शेतकऱ्याचे पीक तिथे सुटते ते त्या नात्याने!) सुत आणि सूत, दिन आणि दीन, सुर आणि सूर यांची गत तीच. शिवाय मराठीत एका नामाला सामान्यरूप, विभक्ती, शब्दयोगी अव्यय आणि वर "ही" किंवा "च" लागून शेकडो रूपे होतात. सूचीच्या जोडीला प्रत्यय लावण्याचे नियम पुरेसे नसतील, तर "गावाकडच्यांनाही" यासारखा निर्दोष शब्दही लाल होतो. तेव्हा मुद्रितशोधकाचे काम उरतेच. फक्त सात खोट्या रेघांत डोके घालण्याऐवजी त्याला पिक आणि पीक यांच्याकडे पाहायला सवड मिळते.

एक जागा मात्र सहसा कोणी पाहत नाही. रेघेला कंटाळलेला माणूस शब्दावर टिचकी मारून "Add to Dictionary" म्हणतो. वर्डमध्ये तो शब्द सामान्यतः CUSTOM.DIC या धारिकेत जातो, आणि ती धारिका एरवी सर्व भाषांसाठी लागू असते. म्हणजे पूर्वी हिंदी चिठ्ठीच्या काळात वैतागून स्वीकारलेली "आणी", "जेष्ठ" आणि "उज्वल" ही रूपे, तपासणी मराठी केल्यानंतरही, त्या संगणकावर निर्दोष सुटत राहतात. ज्या दुकानात वर्षानुवर्षे आपले मजकूर जुळवले जातात, तेथे ही यादी एकदा उघडायला सांगावी आणि शेजारी बसून वरपासून खालपर्यंत वाचावी. चुकीचे शब्द खोडून टाकले की ते पुढच्या मजकुरात रेघेखाली येतात.