गुगल वनचा प्लॅन बंद करताय? फोटो जातात ते घाईच्या ‘डिलीट’मुळे

क्लाउडचा सशुल्क प्लॅन बंद केला की दुसऱ्या दिवशी सगळे फोटो गायब होतात, अशी धास्ती अनेकांना असते. त्यामुळे वापर नसतानाही दरवर्षी पैसे भरले जातात. काही जण उलट टोकाला जातात. ‘फोटो तर फोनमध्ये दिसतातच’ असे म्हणून ते प्लॅन थेट रद्द करतात. गुगल वनच्या बाबतीत हे दोन्ही समज चुकीचे आहेत. प्लॅन रद्द केल्याने फोटो लगेच पुसले जात नाहीत. ते पुसले जातात नंतरच्या घाईत आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच हाताने.

आधी अडते ते ईमेल

प्लॅन रद्द केला तरी पैसे भरलेली मुदत संपेपर्यंत जागा कायम राहते. त्यानंतर खाते मोफत १५ जीबीवर येते. ही १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांची मिळून असते. अँड्रॉइड फोनमधील व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. साठा याहून जास्त असेल तर जुने फोटो जागेवरच राहतात, पण नवे फोटो चढत नाहीत आणि जीमेलवरून ना पत्र जाते, ना येते. बँकेचे विवरण असो वा रेल्वेचे तिकीट, पाठवणाऱ्याकडे परत जाते. खाते सलग दोन वर्षे मर्यादेबाहेर राहिले, तर मात्र गुगल त्यातील मजकूर काढून टाकू शकते. तसा नियम २०२१ पासून लागू आहे.

म्हणजे फोटो वाचवायला वेळ भरपूर असतो. पण ईमेल बंद पडले की माणूस घाबरतो आणि जागा करण्यासाठी दिसेल ते डिलीट करू लागतो. नुकसान होते ते इथे. प्लॅन कुटुंबाने वाटून घेतलेला असेल तर बाकीच्या सदस्यांची वाढीव जागाही त्याच दिवशी जाते. त्यामुळे त्यांना आधी सांगणे गरजेचे आहे.

‘फोनमध्ये दिसतो’ म्हणजे ‘फोनमध्ये आहे’ असे नाही

गुगल फोटोज ॲपमध्ये Free up space हे बटण असते. फोन भरला की बहुतेक जण ते दाबतात. त्यानंतर फोनमधील मूळ फोटो निघून जातो आणि ॲपमध्ये दिसते ती क्लाउडवरची प्रत. फोनचे नेट पूर्ण बंद करून एखादा जुना व्हिडिओ चालवून पाहावा. तो सुरू झाला नाही, तर बहुधा तो फोनमध्ये नाहीच. दुसरी बाब म्हणजे बॅकअप झालेला फोटो याच ॲपमधून डिलीट केला, तर क्लाउडवरची प्रत आणि फोनमधील प्रत दोन्ही कचरापेटीत जातात. तिथून ६० दिवसांनी त्या कायमच्या जातात.

एक उदाहरण

समजा, पुण्यातील एका निवृत्त शिक्षिकेकडे १०० जीबीचा प्लॅन आहे. one.google.com/storage या पानावर त्यांना हिशेब दिसतो: फोटोज ४८ जीबी, जीमेल ६, ड्राइव्ह ५ आणि व्हॉट्सॲप ३. एकूण ६२ जीबी. फोटो सोडून बाकीचे सगळे मिळून १४ जीबी होते. म्हणजे मोफत मर्यादेत राहायचे, तर जवळपास सगळे फोटो बाहेर काढावे लागतील. एकेक फोटो डाउनलोड करत बसणे इथे शक्य नाही.

यासाठी गुगलचीच टेकआउट ही मोफत सोय आहे. takeout.google.com उघडून आधी Deselect all दाबावे आणि फक्त Google Photos वर खूण करावी. फाइल पोहोचवण्याचा मार्ग म्हणून ईमेलवरील डाउनलोड लिंक निवडावी. ‘ड्राइव्हमध्ये टाका’ हा पर्याय घेतला तर रिकाम्या करायच्या जागेतच पुन्हा ४८ जीबी भरले जातात. फाइलचा प्रकार zip आणि आकार १० जीबी ठेवला, तर या उदाहरणात साधारण पाच फाइल मिळतील. एकच मोठी फाइल मध्येच तुटली तर सगळे पुन्हा उतरवावे लागते. पाचपैकी एक तुटली तर तेवढीच पुन्हा घ्यायची.

लिंक यायला काही तास, कधी काही दिवसही लागतात, आणि आल्यावर ती साधारण आठवडाभरच चालते. रोज २ जीबी डेटा मिळणाऱ्या मोबाइलवर ४८ जीबी उतरवायला २४ दिवस लागतील. म्हणून घरच्या वायफायवर, संगणकाला हार्ड डिस्क जोडून हे काम करावे. झिप फाइल आणि उघडलेले फोटो दोन्ही मावायला सुमारे १०० जीबी जागा रिकामी हवी. अल्बम बरेच असतील तर त्याहून जास्त, कारण एकच फोटो वर्षाच्या फोल्डरमध्ये आणि अल्बमच्या फोल्डरमध्ये असा दोनदा येतो.

उतरले, पण तपासले का?

पाचही फाइल आल्या की त्या एकाच फोल्डरमध्ये उघडाव्यात. मग पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या वर्षातील काही फोटो आणि मोठे व्हिडिओ प्रत्यक्ष लावून पाहावेत. झिप उघडताना चूक दाखवली गेली, तर तो भाग लिंक जिवंत असतानाच पुन्हा घ्यावा.

फोटोंच्या शेजारी json नावाने संपणाऱ्या बारक्या फाइल दिसतात. कचरा समजून त्या पुसू नयेत. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोची तारीख सहसा फोटोच्या आतच असते. पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ती नसते, आणि स्कॅन केलेल्या जुन्या लग्नाच्या फोटोला गुगल फोटोजमध्ये हाताने दिलेली तारीखही या json फाइलमध्येच राहते. त्या पुसल्या तर फोटो उरतो, पण तो केव्हाचा हे हरवते.

ड्राइव्ह आणि कीप ॲपमधील नोंदीही याच पद्धतीने घेता येतात. गुगल डॉक्सची कागदपत्रे वर्डच्या स्वरूपात मिळतात, कीपच्या नोंदी ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानांसारख्या. मात्र दुसऱ्याने शेअर केलेल्या ड्राइव्हवरील फाइल यात येत नाहीत. त्या वेगळ्या उतरवाव्या लागतात.

रद्द करणे सर्वांत शेवटी

क्रम असा हवा: उतरवणे, तपासणे, दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत करणे, मग क्लाउडवरील फोटो काढणे आणि सर्वांत शेवटी प्लॅन रद्द करणे. एकच हार्ड डिस्क हा बॅकअप नव्हे. ती पडली की क्लाउडही गेलेला आणि डिस्कही गेलेली. नूतनीकरणाच्या तारखेआधी महिनाभर काम सुरू केले तर प्लॅन चालू असतानाच सगळे उरकते आणि ईमेलही अडत नाही.

हे सगळे ग्राहकाला शोधून काढावे लागते, हीच खरी तक्रारीची बाब आहे. टेकआउटची सोय चांगली आहे, मोफत आहे. मग प्लॅन रद्द करण्याच्या पानावरच ‘तुमचे ४७ जीबी मर्यादेबाहेर जातील, ते इथून उतरवा’ असे ठळक बटण द्यायला हवे. घर सोडणाऱ्या भाडेकरूला सामान हलवायचा दरवाजा घरमालकाने दाखवायलाच हवा. भीतीपोटी भरले जाणारे भाडे हा सेवेचा मोबदला म्हणता येत नाही.