चेहऱ्यावरचे कवडसे

वैभववाडीच्या अंगणात आंब्याखाली आजीचा फोटो काढलात, तर गालावर पांढरे कवडसे आणि डोळ्यांत काळोख! आपल्या नजरेला हा फरक खुपत नाही. कॅमेऱ्याला मात्र दोन्ही एकदम सांभाळत नाहीत.

उपाय? धुतलेला पांढरा पंचा! दोघांनी तो आजीच्या डोक्याच्या हातभर वर, उन्हाच्या बाजूला ताणून धरायचा. ऊन त्यातून गाळून सारखं पसरतं. पंचा जितका जवळ, तितका उजेड मऊ. पण तो फोटोत डोकावता कामा नये. रंगीत कापड नकोच, त्याचा रंग गालावर उतरतो. खांद्यावर कवडसा उरलाय का, तेही बघा.

आता मोबाइलच्या पडद्यावर आजीच्या चेहऱ्याला बोट लावा. मागचं ऊन जरा पांढरटेल. पांढरटू दे, आजी तर नीट दिसली ना!