तीस रुपयांसाठी पन्नास रुपये

अपिलीय प्राधिकारी महोदय,

माझा स्मार्टफोन १२ तारखेला दुपारी दुरुस्तीला गेला आणि १५ ला संध्याकाळी परत आला. तेवढे दिवस माझं सिम आईच्या जुन्या कीपॅड फोनमध्ये होतं. त्या डब्यात इंटरनेट नाहीच. टॉर्च आहे आणि सापाचा खेळ आहे. फोन दुकानात देताना १०० रुपयांच्या ५ जीबी व्हाउचरमधले ३.८ जीबी शिल्लक होते. परत आल्यावर तुमच्या अ‍ॅपने २.३ दाखवले. दीड जीबी, म्हणजे तीस रुपये, गेले कुठे?

तुमच्या कॉल सेंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, बॅकग्राउंडला अ‍ॅप्स चालू असतील." मी म्हटलं, "अहो, अ‍ॅप्स सोडा, या फोनला धड रंगीत पडदा नाही." तो पुन्हा तेच म्हणाला. त्याचा राग नाही. समोर जे लिहून दिलंय ते तो वाचतो. तक्रार मात्र त्याच दिवशी 'निराकरण झाले' म्हणून बंद झाली. निराकरण कुणाचं झालं, माझं की तक्रारीचं?

आता तुमची एक संभाव्य सबब मीच मांडतो. आधीच्या वापराची नोंद कधीकधी उशिरा चढते, हे मला मान्य आहे. पण प्रत्येक डेटा सत्राच्या नोंदीत ते कधी सुरू झालं, किती डेटा गेला आणि सिम कोणत्या हँडसेटमध्ये होतं, म्हणजे त्याचा आयएमईआय क्रमांक, हे सगळं असतं. सत्र १२ च्या दुपारआधीचं निघालं तर मी गप्प बसेन. नंतरचं असेल तर तिथला आयएमईआय कीपॅड फोनचाच निघायला हवा. त्या फोनवर `*#06#` दाबून तो मी टिपून ठेवला आहे आणि दुरुस्तीची पावती तारखेसह सोबत जोडली आहे.

ही नोंद बघायची तर ट्रायच्या २०१२ च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार प्रीपेडवाल्याला वापराचा तपशील मागता येतो. त्यासाठी तुम्ही पन्नास रुपयांपर्यंत आकारू शकता. म्हणजे माझे तीस रुपये कसे गेले हे कळायला मी आणखी पन्नास मोजायचे! चोराने पोलिसांत जाण्याचं रिक्षाभाडंही आपल्याकडूनच घ्यावं, तशातली गत. तीस रुपयांसाठी कोण भांडत बसतो, हा तुमचा हिशोब पक्का आहे. माझ्या घरीही हेच ऐकवलं जातं.

तरी पन्नास रुपये भरायला मी तयार आहे. १२ ते १५ तारखेचा तपशील सत्राची वेळ आणि आयएमईआयसह द्या. माझं म्हणणं खरं ठरलं तर दीड जीबी परत करा, आणि वर ते पन्नासही. अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. आज पहिला दिवस.

आपला,
एक प्रीपेड ग्राहक