मोठा टाइप म्हणजे मोठी झेरॉक्स नव्हे



उपवासकाळ आला की क्रुसाच्या वाटेची पुस्तिका निघते, आणि कोणीतरी म्हणतंच, “म्हाताऱ्यांसाठी तीच ए-फोरवर मोठी झेरॉक्स करून देऊ.” आमचा याला विरोध आहे. कारण ही चूक आम्ही स्वतः केली आहे.

आमची पुस्तिका ए-फाइव्ह, अक्षर 11 पॉइंटचं. 141 टक्के मोठी केल्यावर ते साडेपंधरा झालं. पण दाटीही तेवढीच मोठी झाली. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला आणि अनुस्वाराला टेकलेला होता, तो टेकलेलाच राहिला. मग आम्ही अक्षर ठळक केलं. त्याने आतली मोकळी जागा बुजली आणि ‘घ’ कुठला, ‘ध’ कुठला, कळेना.

आमची कसोटीही खोटी होती. एका आजींना आम्ही प्रभूची प्रार्थना वाचायला दिली. त्यांनी ती घडाघडा म्हटली आणि आम्ही खूश झालो. अहो, कागद उलटा धरला असता तरी त्यांनी ती म्हटली असती! शुक्रवारी नवीन मनन आलं, तेव्हा आजी गप्प बसल्या.

पुढच्या वेळी एक अपरिचित उतारा 16, 18, 20 आणि 22 पॉइंटमध्ये छापून घेतला. संध्याकाळच्या ट्यूबलाइटखाली, त्यांच्याच बाकावर, त्यांच्याच चष्म्याने तो मोठ्याने वाचून घेतला. 18 पर्यंत जोडाक्षरांवर अडखळणं होतं. 20 ला ते थांबलं. म्हणून 20 पॉइंट, दोन ओळींत 32 पॉइंटचं अंतर, आणि ‘मुक्त’सारखा एकसारख्या जाडीचा साधा फॉन्ट घेतला. ओळ तिथेच तोडली, जिथे म्हणताना श्वास घेतो.

“पण पानं दुप्पट होतात, खर्च कोण देणार?” खरं आहे, 24 ची 48 झाली. मग रंगीत कव्हर सोडा. चकचकीत आर्ट पेपर सोडा. त्यावर दिव्याची तिरीप पडून ओळ दिसेनाशी होते. 90 जीएसएमचा मॅपलिथो घ्या, मागचं पान पुढे उमटत नाही. गोंदाने चिकटवलेली पुस्तिका हात काढताच मिटते, आणि त्यांच्या एका हातात काठी असते. मधोमध पिना मारलेली उघडीच राहते. पानं फक्त चारच्या पटीत हवीत.

ज्यांची मधली नजरच गेली आहे, त्यांना हेही पुरणार नाही. त्यांच्याशेजारी बसून वाचणारा माणूस हवा.

यरीहोच्या वाटेवर बार्तीमयाला काय हवं ते दिसतच होतं, तरी प्रभूने आधी त्याला विचारलं. आपण मात्र न विचारताच छापतो, आणि आजी गप्प बसल्या की म्हणतो, त्यांचं लक्ष नसतं.