नुसती शीर्षकं वाचून दाखव

मालेगावहून माझा भाचा आला, तो लॅपटॉप काखेत घेऊनच. यंत्रमागाचे सुटे भाग कारखान्यांत पोचवण्याचा त्याने दोन मित्रांसह व्यवसाय सुरू केला आहे. पिकर तुटला की माग थांबतो, आणि जवळच्या दुकानात तो मिळाला नाही तर थांबूनच राहतो. फोनवर मागणी नोंदवली की ही मुलं दोन तासांत भाग आणून देतात. सहा महिने हे माझ्या बहिणीच्या बचतीवर चाललं. आता पुण्यात एका गुंतवणूकदाराने वीस मिनिटं दिली होती.

"खाला, तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा," तो म्हणाला.

स्लाइड होत्या 23. शुद्धलेखनाच्या चुका थोड्याच होत्या, पण तुटलेला पिकर नवव्या स्लाइडवर आला. त्याआधी कंपनीचं नाव, ध्येय, तिघांच्या पदव्या आणि देशातल्या वस्त्रोद्योगाचं वर्णन. मी म्हटलं, "बाकी राहू दे. नुसती शीर्षकं ओळीने वाचून दाखव." त्याने वाचली : आमच्याविषयी, ध्येय, बाजारपेठ, तंत्रज्ञान, आकडेवारी. ही धड्यांची नावं झाली. यातून ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही.

मग प्रत्येक शीर्षकाचं पूर्ण वाक्य केलं. पिकर तुटला की माग थांबतो. भाग शोधण्यात कामाचा दिवस जातो. आम्ही तो दोन तासांत पोचवतो. 112 कारखान्यांनी आमच्याकडून मागवलं. त्यांतल्या 68 जणांनी पुन्हा मागवलं. एवढी वाक्यं कानावर पडली तरी गोष्ट समजते, आणि एखादं वाक्य काढलं तर पुढचं अधांतरी लटकतं. जे काढूनही काही बिघडत नाही, ती स्लाइड नको. वाक्यात 'आणि' आला की मी थांबवत होते, कारण तिथे बहुधा दोन स्लाइडचा मजकूर एकीत कोंबलेला असतो. पदव्या शेवटाकडे गेल्या, त्याही एकाच ओळीत : तिघांपैकी दोघे मागाच्या घरात वाढले आहेत.

एअरबीएनबी कंपनीच्या सुरुवातीच्या काळातल्या स्लाइड आज कोणालाही पाहता येतात. अडचण सांगणाऱ्या स्लाइडवर तीनच छोटे मुद्दे आहेत, आणि कमाईच्या स्लाइडचा गाभा एवढाच, की प्रत्येक व्यवहारावर दहा टक्के कमिशन. तरीही 2008 साली त्यांना नकार मिळाले होते. त्यांतली काही नकारपत्रं संस्थापक ब्रायन चेस्की यांनी 2015 मध्ये स्वतःच प्रसिद्ध केली. चांगल्या मांडणीमुळे पैसे मिळतीलच असं नाही. नकार देणाऱ्याला निदान काय नाकारतोय ते कळतं.

खरी झटापट आकड्यांच्या स्लाइडवर झाली. एक मोठा तक्ता होता, अक्षर मुंगीएवढं. गाय कावासाकी यांचा नियम प्रसिद्ध आहे : दहा स्लाइड, वीस मिनिटं, आणि अक्षर तीस पॉइंटपेक्षा लहान नको. तक्ता त्या मापात बसतच नाही, म्हणजे निवड करावी लागते. '68 जणांनी पुन्हा मागवलं' हा सगळ्यांत बोलका आकडा त्या तक्त्याच्या कोपऱ्यात पडून होता. त्याला स्वतंत्र स्लाइड दिली.

शेजारी एक आलेख सरळ वर चढत गेलेला. माशाअल्लाह म्हणणार, तेवढ्यात लक्षात आलं की ही एकूण बेरीज आहे. जूनपर्यंत 750 मागण्या. बेरजेचा आलेख कधी खाली येतच नाही. धंदा मंदावला तरी तो चढतच राहतो. महिन्यागणिक आकडे मागितले : 60, 95, 70, 140, 175, 210.

"मार्चला घसरण दिसते ना, खाला. म्हणून..."

"मार्चमध्ये काय होतं?"

"रमजान. ईदला कारखाने बंद होते."

मग तेच लिहायचं. सहा खांब काढले, उभी रेघ शून्यापासून सुरू केली, कारण पन्नासपासून सुरू केली असती तर 60 आणि 210 यांतला फरक खोटाच अवाढव्य दिसला असता. प्रत्येक खांबावर आकडा, मार्चखाली 'ईदची सुट्टी', आणि बाकी रंग, चौकटी, जाळी सगळं काढलं. मापात मारलेली दांडी गिऱ्हाईक ओळखतं, तसा बेरजेचा आलेख गुंतवणूकदारही ओळखतो. एकदा ओळखला, की त्याचा उरलेल्या स्लाइडवरचाही विश्वास उडतो.

23 च्या 11 झाल्या. समोर उभं राहून बोलायला त्या पुरेशा होत्या. पण ईमेलने पाठवायच्या प्रतीत बोलणारा माणूस नसतो, म्हणून तिथे प्रत्येक शीर्षकाखाली दोन ओळी वाढवल्या.

शेवटची स्लाइड मागणीची. तिच्यावर 'गुंतवणूक अपेक्षित' एवढंच होतं. किती, कशासाठी, किती काळ, काहीच नाही. बदलून लिहिलं : 25 लाख रुपये, 18 महिने, भिवंडीत दुसरं केंद्र. त्याखाली 'कंपनीतल्या हिश्शाच्या बदल्यात' हेही टाकायला लावलं. कारण नंतर हिश्शात बदलणारं कर्ज देण्याचीही पद्धत आहे, आणि त्यावर पुष्कळदा व्याज लागतं. त्याच्या अब्बांनी घरी पहिला प्रश्न तोच विचारला होता.