माल परत कोण घेऊ शकतो?

‘फॅक्टोरिओ’ नावाचा एक संगणकीय खेळ आहे. प्राग शहरातली वूब ही छोटी कंपनी तो बनवते आणि तो कधीच सवलतीत विकायचा नाही, असा तिचा जाहीर हट्ट आहे. दिवाळी असो वा नाताळ, किंमत तीच. तरीही 2016 साली जीटूए या ऑनलाइन बाजारपेठेत हा खेळ स्वस्तात मिळत होता. निर्माताच स्वस्त देत नाही, तर विक्रेत्याला परवडते कसे, असा प्रश्न किराणा दुकानात कोणालाही पडला असता. पडद्यावर तो फारसा कोणाला पडला नाही.

परवडत होते, कारण विक्रेत्याने मुळात स्वतःचे पैसेच दिलेले नव्हते. चोरलेल्या क्रेडिट कार्डावर कंपनीच्या संकेतस्थळावरून ‘की’, म्हणजे खेळ सुरू करणारी अक्षरे-अंकांची ओळ, घ्यायची आणि ती लगेच बाजारपेठेत कमी दरात फुंकून टाकायची, असा हा धंदा. काही आठवड्यांनी कार्डाच्या खऱ्या मालकाला हिशेबात अनोळखी खर्च दिसतो. तो बँकेकडे तक्रार करतो आणि बँक निर्मात्याकडून रक्कम काढून घेते, वर दंडही लावते. निर्मात्याने खेळही गमावला आणि पैसेही. मग तो ती की रद्द करतो आणि तिसऱ्याच देशात पैसे मोजून खेळ घेतलेल्या मुलाच्या संग्रहातून तो एके दिवशी नाहीसा होतो. चोराचा हिशेब मात्र त्याआधीच मिटलेला असतो.

जीटूएने 2019 मध्ये छातीठोकपणे सांगितले की, चोरीच्या की आमच्याकडे विकल्या गेल्याचे सिद्ध झाले तर निर्मात्याला नुकसानीच्या दहापट रक्कम देऊ. वूबने रद्द केलेल्या 321 कींची यादी पुढे केली. तपासणी त्रयस्थाकडून व्हायची होती. शेवटी जीटूएने ती स्वतःच केली. त्यातही 198 की त्यांच्याच बाजारपेठेत विकल्या गेल्याचे निघाले. त्या वेळी खेळाची किंमत 20 डॉलर होती. दहापटीने 39,600 डॉलर झाले आणि 2020 मध्ये ते वूबला मिळाले. ज्यांनी पैसे मोजून त्या की घेतल्या होत्या, त्यांचा या वचनात कुठे उल्लेखच नव्हता.

या प्रकरणातून फसवणूक ओळखण्याची एक कसोटी हाती लागते. ‘भाव फार कमी असेल तर सावध राहा’ हा नेहमीचा सल्ला इथे अपुरा आहे, कारण मुरलेला ठग भाव थोडाच कमी ठेवतो. विचारायचे ते असे: मी पैसे दिल्यानंतर ही वस्तू माझ्याकडून परत कोण घेऊ शकतो, आणि मी माझे पैसे परत घेऊ शकतो का? कीच्या बाबतीत ती परत घेण्याची सत्ता निर्मात्याकडे असते. म्हणून निर्मात्याने की कोणाला दिली, एवढेच पाहायचे. हंबल, फॅनॅटिकल, ग्रीन मॅन गेमिंग यांसारखी दुकाने निर्मात्यांशी करार करून की विकतात. याउलट एकाच खेळासमोर पाच-पन्नास अनोळखी विक्रेत्यांची नावे आणि त्यांचे तारे दिसले, वर मालाच्या ‘संरक्षणा’साठी वेगळे पैसे मागितले, की समजावे, हे दुकान नव्हे, नुसता मांडव आहे. आपल्याच मालाचा विमा ग्राहकाच्या गळ्यात मारणारा दुकानदार एरवी आपण दारात उभा करू का?

आपल्याकडे कीपेक्षा मोठा बाजार आहे तो ‘आयडी’चा. बीजीएमआय किंवा फ्री फायरमध्ये दुर्मीळ पोशाख आणि बंदुकीच्या स्किन कमावलेली आख्खी खाती इन्स्टाग्राम, टेलिग्रामवर विकायला असतात. समजा, एखाद्या तालुक्याच्या गावातल्या अकरावीतल्या मुलाने अशी आयडी नऊ हजारांना ठरवली. विक्रेता व्हिडिओ कॉलवर खाते उघडून दाखवतो. ते खरेच असते, आणि फसगत नेमकी इथे होते. पैसे पोचल्यावर ज्या जीमेलला खेळ जोडलेला आहे त्याचा पासवर्ड येतो, मुलगा तो बदलतो, स्वतःचा मोबाइल नंबरही टाकतो. आता खाते आपले, असे त्याला वाटते. पण खाते चोरीला गेलेल्या माणसाला ते परत मिळावे म्हणून गुगलने एक सोय ठेवली आहे: नंबर बदलल्यानंतरही सात दिवसांपर्यंत जुन्या नंबराने खाते परत मिळवता येऊ शकते. चांगल्या हेतूने केलेली ही सोयच विक्रेत्याचे हत्यार होते. दोन दिवसांनी तो ‘माझे खाते चोरीला गेले’ म्हणतो, आयडी ओढून घेतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवतो. खेळणाऱ्या मुलांत याला ‘पुलबॅक’ म्हणतात.

सात दिवस थांबून पैसे द्यावेत, तर तेही कामाचे नाही. संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीमसारख्या ठिकाणी खात्याच्या मालकीवर वाद झाला, तर पहिल्या खरेदीची की किंवा पैसे भरल्याचा तपशील पुरावा म्हणून मागतात. तो कायम पहिल्या मालकाकडेच असतो. शिवाय खाते विकणे स्टीमच्या करारातच निषिद्ध आहे, त्यामुळे विकत घेणाऱ्याने तक्रार केली तर तो स्वतःच नियमभंगाची कबुली देतो. मुले घरी सांगत नाहीत, याचेही हे एक कारण. मधला ‘मिडलमॅन’ घेतला तर सुरक्षित, ही समजूतही फसवी आहे. नामांकित मिडलमॅनच्या नावात एखादे अक्षर बदलून बनावट खाते काढणे दोन मिनिटांचे काम आहे, आणि तो खरा असला तरी पुढच्या आठवड्यातला पुलबॅक त्याच्या हातात नसतो.

कसोटीचा दुसरा भाग पैशांचा. ठरलेल्या सौद्यात विक्रेता अचानक म्हणतो, ‘यूपीआय नको, गुगल प्लेचा रिडीम कोड पाठव.’ कारण उघड आहे. यूपीआयने गेलेली रक्कम कुठल्यातरी बँक खात्यात उतरते. 1930 या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर लगेच तक्रार केली, तर ती पुढे जाण्याआधी बँक तिथे रोखू शकते. गिफ्ट कार्डाचा कोड हा जणू वाटेत पडलेली नोट: जो आधी उचलेल त्याची. कोड घेणारा तो आपल्या खात्यात भरतो, त्यातून खेळातले चलन घेतो आणि ते दुसऱ्या मुलांना स्वस्तात विकतो. रोखायला बँक खातेच उरत नाही. ‘फक्त पडताळणीसाठी कार्डाचा फोटो दे’ ही मागणीही हीच. फोटोतला कोड म्हणजेच पैसा. शंभराचा कोड सत्तरला विकणारे टेलिग्रामवर भेटतात, तेव्हा तो कोणाकडून उकळलेला असेल, हे वेगळे सांगायला नको.

कोड देऊन बसलेल्याने पावती आणि कार्डाचा क्रमांक घेऊन आधी कार्ड काढणाऱ्या कंपनीला गाठावे, कारण वापरला न गेलेला कोड थांबवण्याची शक्यता तिथेच असते. 1930 वर तक्रारही त्याच तासात करावी.

मुलांच्या हावेवर बोट ठेवणे सोपे आहे. पण कोड कोणत्या खात्यात, कोणत्या फोनवर भरला गेला आणि त्यातून काय घेतले, हे कार्ड काढणाऱ्या कंपनीच्या नोंदीत असते. एका खात्यात एका दिवसात वेगवेगळ्या लोकांनी घेतलेले डझनभर कोड पडत असतील, तर ती रक्कम एक दिवस अडवून ठेवणे तिला तांत्रिकदृष्ट्या जड नाही. तसे केले तर त्या दिवसाची विक्री थांबते, एवढीच अडचण आहे. दहापट भरपाईचे वचन देण्याची पाळी जीटूएवर आली ती निर्मात्यांनी उघडपणे, नावानिशी बोलायला सुरुवात केल्यावर. आपल्याकडे फसलेली मुले अल्पवयीन आहेत आणि गप्प आहेत. त्यांच्या वतीने रक्कम अडवून ठेवण्याची ही अट सरकारनेच कंपन्यांना घालायला हवी.