रिपोर्ट चौदा पानांचा, वेळ दोन मिनिटं: साहेबांसमोर नेमकं काय बोलायचं?



मागच्या व्हिडिओत आपण ट्रायल रिपोर्ट कसा लिहायचा ते पाहिलं. आज पुढचा भाग, कारण खरी गाडी इथेच अडते. रिपोर्ट चांगला असतो, पण ज्यांच्या सहीनं काम होणार ते डायरेक्टर किंवा प्लांट हेड तो वाचत नाहीत. ते म्हणतात, "दोन मिनिटांत सांगा." आणि आपण रिपोर्टचा सारांश सांगायला लागतो.

माझं स्पष्ट मत आहे: सारांश सांगणं हीच चूक आहे. सारांश म्हणजे तोच रिपोर्ट, तोच क्रम, फक्त छोटा. साहेबांना निर्णय घ्यायचा असतो. त्यामुळे दोन मिनिटांचं बोलणं रिपोर्ट दाबून तयार होत नाही. ते निर्णयापासून उलटं मागे येत नव्यानं लिहावं लागतं.

माझं कुठे चुकलं

माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. एका लोणच्याच्या कंपनीला मी खोकी देतो. काचेच्या बारा बरण्या बसतात असं पाच प्लायचं खोकं. लांबच्या गाडीत बरण्या फुटायच्या. मी आतमध्ये पुठ्ठ्याचं पार्टिशन असलेलं खोकं सुचवलं, सहा आठवडे ट्रायल घेतली आणि चौदा पानांचा रिपोर्ट दिला. दहा दिवसांनी प्लांट हेडनी बोलावलं. दाराशीच म्हणाले, "मला मीटिंगला जायचंय, दोन मिनिटांत सांगा."

मी पहिल्या पानापासून सुरू झालो. ट्रायल का घेतली, पुठ्ठ्याचा जीएसएम किती, खोकी कशी निवडली, गाडीत कुठे लावली. दीड मिनिट झालं तेव्हा मी चौथ्या पानावर होतो. त्यांचा फोन वाजला. "छान काम केलंय, मेल करून ठेवा," म्हणाले आणि गेले. निकाल अकराव्या पानावर होता. खर्च तेराव्या. मला त्यांच्याकडून काय हवंय, हे मी एकदाही बोललोच नव्हतो.

रिपोर्टचा क्रम आपल्या कामाचा क्रम असतो: आधी काय केलं, मग काय मोजलं, शेवटी काय कळलं. लिहिताना तो बरोबरच आहे, कारण वाचणारा पानं मागेपुढे करू शकतो. ऐकणाऱ्याला ते करता येत नाही. तो पहिल्या वाक्यापासून एकच शोधत असतो: "याला माझ्याकडून काय हवंय?" ते कळेपर्यंत बाकीचं त्याच्या डोक्यात बसत नाही. अमेरिकन लष्करात पत्रव्यवहारासाठीसुद्धा हाच नियम आहे, मुख्य मुद्दा सगळ्यात वर. तिथे लिखाणात हे लागत असेल, तर बोलण्यात किती लागेल!

उलटं मागे कसं यायचं

दुसऱ्यांदा वेळ मिळाली तेव्हा मी रिपोर्ट बाजूला ठेवला, कोरा कागद घेतला आणि वर एकच वाक्य लिहिलं: साहेबांनी "हो" म्हटलं तर उद्या सकाळी नेमकं काय होईल? उत्तर आलं की परचेसवाले नव्या खोक्याची ऑर्डर काढतील. किती? कुठल्या लाइनसाठी? कधीपासून? "नवं खोकं चांगलं आहे" यावर सही होत नाही. "जुलैपासून तीन महिने नागपूर लाइनला" यावर होते.

मग स्वतःला विचारलं, हे वाक्य ऐकून साहेबांच्या मनात कुठले प्रश्न येतील? चारच आले. खर्च किती? फायदा किती? कशावरून? आणि फसलं तर? या चार प्रश्नांचं उत्तर रिपोर्टमध्ये जिथे आहे तेवढंच उचललं. चौदापैकी जेमतेम तीन पानं कामाला आली. जीएसएम, खोकी निवडायची पद्धत, फोटो, सगळं बाहेर. त्रास होतो, कारण सगळ्यात जास्त मेहनत त्याच पानांवर केलेली असते. पण ती पानं कोणी विचारलं तर दाखवायची.

आकडे तोंडी करायचे म्हणजे काय

रिपोर्टमधलं माझं वाक्य असं होतं: "सदर चाचणीदरम्यान प्रत्येकी ६०० खोक्यांच्या नमुन्यात फुटतुटीचे प्रमाण ३ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आल्याचे निदर्शनास आले, तथापि प्रति खोके खर्चात ६ रुपयांची वाढ संभवते." मोठ्यानं वाचून बघा. एका श्वासात होत नाही. आणि ऐकणाऱ्याला टक्के आणि रुपये यांचा हिशोब स्वतः मांडावा लागतो.

तो हिशोब आपण मांडून द्यायचा. एक बरणी फुटली की तेल बाकीच्या लेबलांना लागतं, अख्खं खोकं परत येतं. ते खोकं कंपनीला नऊशे रुपयांना पडतं. आधी शंभरात तीन जायची, म्हणजे शंभर खोक्यांमागे सत्तावीसशेचं नुकसान. आता एक जातं, म्हणजे नऊशेचं. शंभरामागे अठराशे वाचले, म्हणजेच खोक्यामागे अठरा रुपये. नवं खोकं सहा रुपयांनी महाग आहे. हातात बारा उरले. बोलताना फक्त शेवटची पायरी सांगायची: सहा घाला, अठरा वाचवा, बारा उरतात.

इथे एक मोह होतो. "फुटतूट दोन तृतीयांशानं कमी झाली" हेसुद्धा खरंच आहे आणि ऐकायला भारी वाटतं. मी ते वापरत नाही. त्यातून मूळ आकडा केवढा होता ते कळत नाही, आणि अनुभवी माणसाला लगेच विक्रीचा वास येतो. "सहाशेत अठरा गेली होती, आता सहा" हे त्याला स्वतः तपासता येतं.

शेवटी मी काय बोललो

> सर, नागपूर लाइनसाठी पार्टिशनवालं खोकं जुलैपासून तीन महिने वापरायला तुमची मंजुरी हवी आहे. जादा खर्च तीन महिन्यांचा मिळून सत्तावीस हजार.
>
> कारण फुटतूट. आज शंभरातली तीन खोकी परत येतात. एक बरणी फुटली की तेलानं बाकीची लेबलं खराब होतात, नऊशे रुपयांचं खोकं जातं.
>
> आम्ही सहा आठवडे जुनी सहाशे आणि नवी सहाशे खोकी एकाच गाड्यांतून पाठवली. जुन्यातली अठरा गेली, नव्यातली सहा.
>
> नवं खोकं सहा रुपयांनी महाग आहे, पण खोक्यामागे फुटतुटीचे अठरा वाचतात. बारा उरतात. नागपूरला महिन्याला पंधराशे खोकी जातात, म्हणजे महिन्याला अठरा हजार.
>
> एक गोष्ट अजून तपासलेली नाही. ट्रायल फेब्रुवारी-मार्चमधली आहे. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि त्याची ताकद कमी होते. म्हणून सगळ्या लाइनला नको, एकाच लाइनला म्हणतोय. कुठल्याही महिन्यात फुटतूट शंभरात दोनच्या वर गेली तर जुन्या खोक्यावर परत जाऊ, उरलेली नवी खोकी मी परत घेईन.
>
> पंधरा जूनपर्यंत ऑर्डर मिळाली तर एक जुलैला माल लावतो. करू का सुरू?

घड्याळ लावून सावकाश बोललो तर हे दीड मिनिटात बसतं. उरलेलं अर्धं मिनिट त्यांचं. दोन मिनिटं मिळाली म्हणून दोन्ही आपणच बोलायची नसतात. त्यांनी प्रश्न विचारलाच नाही, तर बहुतेक वेळा समजा की ऐकलंच नाही.

पावसाळ्याचं स्वतःहून का सांगितलं?

कार्यशाळेत यावरच सगळ्यात जास्त वाद होतो. "दादा, आपलीच कमजोरी आपण कशाला दाखवायची? विचारलं तर सांगू." मला हे पटत नाही, आणि कारण फक्त प्रामाणिकपणाचं नाही. ज्या माणसानं वीस वर्षं प्लांट चालवलाय, त्याला पुठ्ठा आणि पाऊस म्हटलं की दुसऱ्या सेकंदाला हा प्रश्न सुचतो. आपण बोललो नाही तर तो मनात धरून बसतो आणि पुढचं ऐकत नाही. आपण बोललो, तर आपली मागणी छोटी का आहे हेही त्यातूनच कळतं. एकच लाइन, तीनच महिने, दोनची मर्यादा, हे सगळं त्या कमजोरीतूनच आलंय.

दोनचा आकडाही हवेतला नव्हता. सहा रुपये जादा वसूल व्हायला शंभरामागे साधारण दोन तृतीयांश खोकं तरी वाचायला हवं. तीनाचं दोन झालं तरी खर्च निघतो. दोनच्या पुढे गेलं की आपण काठावर. हे बोलताना सांगितलं नाही, पण त्यांनी विचारलं, "दोनच का?" आणि उत्तर तयार होतं.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. प्रश्न असा असेल की निर्णय एका बैठकीत होणंच शक्य नाही, जसं की नवं मशीन किंवा वर्षभराचा करार, तर दोन मिनिटांत मंजुरी मागू नका. तेव्हा मागणी वेगळी: "मला परचेस आणि क्वालिटीबरोबर अर्धा तास हवाय, तुम्ही त्यांना सांगाल का?" क्रम तोच, फक्त "हो" छोटं.

जाण्याआधी दोन तपासण्या

पहिली: फोनवर रेकॉर्ड करा आणि पंधराव्या सेकंदाला थांबवा. तेवढंच ऐकून साहेब उठून गेले तर त्यांना कळलं का, की तुम्हाला काय हवंय आणि पैसे किती लागणार? नसेल तर पहिली दोन वाक्यं परत लिहा.

दुसरी: या धंद्यातल्या नसलेल्या कुणाला तरी एकदा ऐकवा आणि विचारा, "मी काय मागितलं?" मी आईला ऐकवलं होतं. पहिल्या खेपेला ती म्हणाली, "खोकी चांगली आहेत म्हणालास." मागणी पोचलीच नव्हती. वाक्य बदललं, मग म्हणाली, "तीन महिने वापरून बघा म्हणतोयस." तिथे मी थांबलो.

प्लांट हेडनी तीनऐवजी दोन महिने दिले, आणि उरलेला माल परत घेण्याचं लेखी मागितलं. मी दिलं. चौदा पानांचा रिपोर्ट टेबलावरच होता. त्यांनी फक्त अकरावं पान उघडायला सांगितलं.

तुमचा रिपोर्ट आज हातात असेल तर तो मिटवा आणि कोऱ्या कागदावर पहिलं वाक्य लिहा: "सर, मला तुमच्याकडून हवंय ते असं..."